पाच प्रश्न, हजार उत्तरपत्रिका: सीटीटी आणि आयआरटीच्या प्रकल्प नोंदी

९ जून

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीतून तर्कक्षमता चाचणी तयार करायची, असा प्रकल्प ठरला आहे. प्रश्न लिहायला बसण्याआधी मॅडमनी एक अट घातली. "आधी कुठलाही एक तयार डेटा घे आणि तो सीटीटीनं आणि आयआरटीनं असा दोन्हीकडून पूर्ण सोडव. जमेल तिथे कागदावर. मगच आपल्या चाचणीची गुणदान पद्धत ठरवू." सीटीटी म्हणजे क्लासिकल टेस्ट थिअरी आणि आयआरटी म्हणजे आयटम रिस्पॉन्स थिअरी, चाचणी आणि तिचे गुण पारखण्याच्या दोन पद्धती.

डेटा म्हणून एलसॅट निवडला. अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेच्या सहाव्या विभागातले पाच प्रश्न, हजार परीक्षार्थी, उत्तर बरोबर असेल तर १, चूक असेल तर ०. बॉक आणि लीबरमन यांनी १९७० मध्ये 'सायकोमेट्रिका'त हा डेटा वापरला आणि तेव्हापासून आयआरटी शिकणारे बहुतेक जण यावर हात साफ करतात. R या संगणकभाषेच्या `ltm` पॅकेजमध्ये तो `LSAT` नावानं आयताच मिळतो.

बरोबर उत्तरांचं प्रमाण पहिल्या प्रश्नापासून पाचव्यापर्यंत अनुक्रमे ०.९२४, ०.७०९, ०.५५३, ०.७६३ आणि ०.८७०. एकूण गुणांची विभागणी अशी: शून्य गुण ३ जणांना, एक २० जणांना, दोन ८५, तीन २३७, चार ३५७ आणि पैकीच्या पैकी २९८ जणांना. म्हणजे जवळजवळ तीस टक्के मंडळी छताला टेकलेली. पुढे या २९८ जणांचं काय करायचं हा प्रश्न येणार, हे आत्ताच दिसतंय.

१० जून

आज फक्त सीटीटी, कॅल्क्युलेटर आणि कागद.

सीटीटीचं मूळ विधान एवढंच: मिळालेले गुण म्हणजे खरे गुण अधिक त्रुटी. खरे गुण कधीच दिसत नाहीत, म्हणून त्रुटीचा अंदाज सगळ्या गटाच्या आकड्यांवरून बांधायचा. त्यासाठी क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे चाचणीच्या विश्वसनीयतेचा आकडा, काढला.

प्रत्येक प्रश्नाचं प्रचरण म्हणजे p गुणिले (१ − p), इथे p म्हणजे बरोबर उत्तरांचं प्रमाण. पाचही प्रश्नांची बेरीज ०.८१७७ आली. एकूण गुणांची सरासरी ३.८१९ आणि प्रचरण १.०७०२.

```
alpha = (5/4) * (1 - 0.8177/1.0702) = 0.295
```

प्रश्न एकमेकांशी अजिबात निगडित नसते, तर एकूण गुणांचं प्रचरण हे प्रश्नांच्या प्रचरणांच्या बेरजेएवढंच राहिलं असतं आणि अल्फा शून्य आला असता. इथे एकूण प्रचरण बेरजेपेक्षा थोडंसंच जास्त आहे, म्हणून अल्फाही लहान. 'चाचणी टाकाऊ' असा शेरा मारायचा मोह होतो, पण पाचच प्रश्न आहेत हे विसरून चालणार नाही. स्पिअरमन-ब्राऊन सूत्रानं पाहिलं: अल्फा ०.८० पर्यंत न्यायचा तर चाचणी साधारण साडेनऊपट लांब करावी लागेल, म्हणजे अठ्ठेचाळीस प्रश्न. नवे प्रश्न याच जातकुळीचे असतील असं त्यात गृहीत आहे.

मग मापनाची प्रमाण त्रुटी. प्रमाण विचलन १.०३४५, ते √(१ − ०.२९५) ने गुणलं की ०.८७. पंचाण्णव टक्क्यांची पट्टी हवी तर दोन्ही बाजूंना १.७. तीन गुण मिळवणारीची पट्टी १.३ ते ४.७. पाच गुण मिळवणारीची ३.३ ते ६.७.

पाचपैकी सहा पूर्णांक सात. वहीत या आकड्याभोवती गोल केला आहे. सूत्राला चाचणीचं छत कुठे आहे हे माहीतच नाही, कारण ते सगळ्यांना एकच त्रुटी वाटून देतं.

१२ जून

`ltm` मधल्या `descript(LSAT)` नं एकेक प्रश्न वगळून अल्फा दिला. पहिला वगळला तर ०.२७५४, दुसरा ०.२३७६, तिसरा ०.२१६८, चौथा ०.२४५९, पाचवा ०.२६६३. कुठलाही प्रश्न काढला तरी अल्फा घसरतो, म्हणजे कोणी घाण करत नाहीये. सर्वांत कमी नुकसान पहिल्या प्रश्नाचं, सर्वांत जास्त तिसऱ्याचं.

नेहमीच्या पद्धतीनं प्रश्न छाटायचे असते तर पहिला आधी गेला असता. पण त्याचं कारण नीट पाहिलं पाहिजे. पहिला प्रश्न ९२.४ टक्के लोकांना येतो. त्याचं प्रचरण ०.०७ आणि तिसऱ्याचं ०.२५. ज्याचं प्रचरणच एवढंसं, तो एकूण गुणांशी फार निगडित दिसणार कसा? म्हणजे 'हा प्रश्न सोपा आहे' आणि 'हा प्रश्न हुशार-कच्चे वेगळे करू शकत नाही' या दोन गोष्टी सीटीटीच्या या आकड्यात एकत्र कालवल्या गेल्या आहेत. त्या सुट्या करता येतात का, हे पुढे पाहायचं.

१६ जून

आता आयआरटी.

```r
library(ltm)
m1 <- rasch(LSAT)
m2 <- ltm(LSAT ~ z1)
coef(m1)
anova(m1, m2)
```

`rasch()` नं बसवलेल्या प्रारूपात प्रत्येक प्रश्नाला स्वतःचं काठिण्य b आहे आणि भेदक्षमता a, म्हणजे हुशार-कच्चे वेगळे करण्याची ताकद, सगळ्यांना मिळून एकच.

```
P(बरोबर) = 1 / (1 + exp(-a*(θ - b)))
```

θ म्हणजे व्यक्तीची क्षमता. गटाची सरासरी शून्य आणि प्रमाण विचलन एक धरलेलं आहे. b म्हणजे ज्या θ ला उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी असते, ती जागा. व्यक्ती आणि प्रश्न एकाच मोजपट्टीवर येतात, ही आयआरटीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. सीटीटीत व्यक्तीला ३ गुण असतात आणि प्रश्नाला ०.५५३ हे प्रमाण असतं. या दोन आकड्यांची एकमेकांशी तुलनाच होत नाही.

a आला ०.७५५. काठिण्यं अशी:

प्रश्न १: −३.६२
प्रश्न २: −१.३२
प्रश्न ३: −०.३२
प्रश्न ४: −१.७३
प्रश्न ५: −२.७८

पाचही उणे. सर्वांत अवघड असलेला तिसरा प्रश्नसुद्धा सरासरी व्यक्तीच्या खालीच बसला आहे. शून्याच्या वर काहीच नाही. p च्या यादीतही 'प्रश्न सोपे आहेत' हे दिसत होतं, पण पट्टीचा वरचा अर्धा भाग पूर्ण रिकामा आहे हे असं ढळढळीत दिसलं नव्हतं.

१७ जून

आजचा पूर्ण दिवस एका गोष्टीवर घालवला आणि तो वाया गेला नाही.

एखाद्या θ ला चाचणी किती माहिती देते, हे रॅश प्रारूपात a² गुणिले सर्व प्रश्नांच्या P(१ − P) ची बेरीज इतकं सरळ आहे. प्रमाण त्रुटी म्हणजे माहितीच्या वर्गमुळाचा व्यस्त. तीन जागांवर हातानं काढलं.

θ = −२ ला पाच प्रश्नांच्या P(१ − P) ची बेरीज १.०५८, माहिती ०.६०, त्रुटी १.२९.
θ = ० ला बेरीज ०.७६६, माहिती ०.४४, त्रुटी १.५१.
θ = २ ला बेरीज ०.२८९, माहिती ०.१६, त्रुटी २.४७.

म्हणजे हुशार परीक्षार्थीबद्दल ही चाचणी कच्च्या परीक्षार्थीच्या तुलनेत जेमतेम पावपट सांगते. एकूण माहितीपैकी किती वाटा शून्याच्या खाली आहे तेही काढता येतं: ७८ टक्के.

इथवर पुस्तकात असतं तसंच. पण मॅडमनी दुपारी वहीत डोकावून विचारलं, "हीच त्रुटी गुणांच्या भाषेत किती होते?" कच्च्या गुणांमधली त्रुटी म्हणजे P(१ − P) च्या बेरजेचं वर्गमूळ. θ = −२ ला १.०३, θ = ० ला ०.८७, θ = २ ला ०.५४.

उलटंच झालं! θ च्या पट्टीवर हुशारांची त्रुटी सर्वांत मोठी, आणि गुणांच्या पट्टीवर त्यांचीच सर्वांत लहान. थोडा वेळ दोन्ही हिशेब पुन्हा तपासत बसले. दोन्ही बरोबर आहेत.

उलगडा उतारात आहे. θ = −२ च्या आसपास क्षमता एक एककानं वाढली तर अपेक्षित गुण सुमारे ०.८० नं वाढतात. θ = २ ला तेवढ्याच वाढीनं गुण फक्त ०.२२ नं वाढतात, कारण वर छत आहे. गुणांमधली त्रुटी भागिले उतार केलं की θ मधली त्रुटी मिळते: १.०३ भागिले ०.८० म्हणजे १.२९, आणि ०.५४ भागिले ०.२२ म्हणजे साधारण २.५. हुशार व्यक्तीला हीच चाचणी पुन्हा दिली तर तिला पुन्हा पाच किंवा चारच पडतील. गुण फार हलणार नाहीत, पण न हलण्याचं कारण मोजमाप नेमकं आहे हे नसून गुणांना हलायला जागाच नाही हे आहे.

सीटीटीचा ०.८७ हा आकडा या तिन्हींची गटानुसार पडलेली सरासरी आहे. θ = ० च्या ०.८७ शी तो जुळतो, कारण बहुतेक लोक तिथल्या आसपासच आहेत. सीटीटीवाल्यांना हे अगदीच ठाऊक नव्हतं असं म्हणणं अन्याय होईल. गुणांनुसार बदलणारी त्रुटी मानसमापनाचे अभ्यासक फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९५० च्या दशकातच द्विपदी गृहीतकावरून मांडली होती. पण तीही गुणांच्या पट्टीवरची त्रुटी. त्या पट्टीवर टोकं नेमकी दिसतात. उतार लक्षात घेतल्याशिवाय खरी अडचण समोर येत नाही, आणि उतार काढायला व्यक्तीला प्रश्नाशी जोडणारं प्रारूप लागतं.

२० जून

आता गुणदान. रॅश प्रारूपात एकूण गुण हीच पुरेशी माहिती असते: तीन गुण कुठल्याही तीन प्रश्नांतून आले तरी θ एकच. म्हणून सहा प्रकारच्या गुणांना सहाच θ.

आधी महत्तम शक्यतेनं काढायला गेले. शून्य आणि पाच गुणांना उत्तरच येत नाही. पाचही बरोबर असतील तर θ जितका मोठा धराल तितकी शक्यता वाढतच जाते, आकडा अनंताकडे पळतो. म्हणजे हजारांतल्या ३०१ जणांना या पद्धतीनं गुणच देता येत नाहीत. एखाद्या संस्थेचा निकाल असता तर हे कोणी चालवून घेतलं असतं?

`factor.scores(m1)` यातून वाट काढतं: गटातल्या क्षमता सरासरी शून्य, विचलन एक अशा प्रसामान्य वितरणातून आल्या आहेत हे गृहीतक सोबत घेतं. मग उत्तरं येतात:

० गुण: −१.९१
१ गुण: −१.४४
२ गुण: −०.९६
३ गुण: −०.४७
४ गुण: ०.०५
५ गुण: ०.५९

दोन टोकांच्या त्रुटी पाहिल्या: शून्य गुणांना ०.७९ आणि पाच गुणांना ०.८६. परवाच्या १.२९ आणि २.४७ मधली दरी कुठे गेली? गृहीत वितरणानं ती भरून काढली. प्रत्येकाच्या माहितीत गृहीतकाची १ एवढी माहिती मिळवली जाते. चाचणीनं पाच गुणवाल्या व्यक्तीबद्दल फक्त ०.३५ माहिती दिली आहे, म्हणजे तिच्या θ मागची जवळजवळ तीन चतुर्थांश माहिती गटाबद्दलच्या गृहीतकातून आलेली आहे. '०.५९, त्रुटी ०.८६' असा निकाल छापताना हे सांगितलंच पाहिजे. सरासरीकडे ओढलेला आकडा म्हणून तो ठीक आहे. तिची क्षमता मोजली, असा त्याचा अर्थ लावणं मात्र चूक.

दुसरी गोष्ट: लागोपाठच्या गुणांमधलं अंतर ०.४७ पासून ०.५४ पर्यंत. जवळजवळ समान. एकूण गुणांवरून लावलेला क्रम आणि θ वरून लावलेला क्रम तर तंतोतंत एकच. या डेटात व्यक्तींची क्रमवारी हवी असेल, तर बेरीज करून मोकळं व्हावं. हे मी मनापासून लिहिते आहे, कारण 'आयआरटीचे गुण जास्त अचूक' असं वाक्य प्रबंधांत सर्रास दिसतं. गुण तेच असतात. त्यांच्याबद्दल काय म्हणता येतं, हे बदलतं.

२३ जून

दुसरं प्रारूप `m2`, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला स्वतःची भेदक्षमता. आले ते आकडे: ०.८२५, ०.७२३, ०.८९१, ०.६८९, ०.६५८.

१२ जूनचा प्रश्न आठवला. अल्फाच्या दृष्टीनं सर्वांत बिनकामाचा ठरलेला पहिला प्रश्न भेदक्षमतेत दुसरा आला आहे. तो वेगळं करू शकतो, पण या प्रारूपात त्याचा b जिथे येतो त्या −३.३६ या जागी, जिथे या गटातलं जवळजवळ कोणीच नाही. θ = ० ला त्याची माहिती ०.०४, तर तिसऱ्या प्रश्नाची ०.२०. सोपेपणा आणि भेदक्षमता खरंच सुट्या झाल्या.

संध्याकाळी वर्गमित्राशी वाद झाला. तो म्हणाला, "या प्रारूपात अवघड प्रश्न सोडवणाऱ्याला जास्त गुण मिळतात, हाच तर फायदा." असं नसतं. या प्रारूपात व्यक्तीचा θ ठरतो तो सोडवलेल्या प्रश्नांच्या a च्या बेरजेवरून. प्रश्नाचा b त्या बेरजेत कुठेच येत नाही. दोघींना चार-चार गुण आहेत असं धरू. एकीचा तिसरा चुकला, म्हणजे सर्वांत अवघड. तिची बेरीज २.८९४. दुसरीचा पाचवा चुकला, जो ८७ टक्के लोकांना येतो. तिची बेरीज ३.१२७. पहिलीचा θ −०.०२, दुसरीचा ०.१४.

सोपा प्रश्न चुकवणारी वर गेली! त्यानं कागद ओढून घेतला आणि स्वतः मांडून पाहिलं. तिसऱ्या प्रश्नाची भेदक्षमता जास्त, म्हणून तो चुकला तर जास्त तोटा. काठिण्याला इथे काही म्हणायचं नाही. ते समजून घ्यायचं तर असं: कोणते प्रश्न दिले होते यावर पट्टीची जागा ठरते, आणि तिथे b चं काम संपतं. सगळ्यांना तेच पाच प्रश्न दिले असतील तर ती जागा सगळ्यांना सारखीच लागू होते. वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे प्रश्न दिले असते, तेव्हा मात्र b शिवाय पान हललं नसतं.

मग त्यानं विचारलं, "पण हा ०.१६ चा फरक कोणाला पटेल?" रास्त प्रश्न. दोघींच्या θ ची त्रुटी ०.८३ आहे.

२४ जून

दोन्ही प्रारूपांची तुलना करणारं `anova(m1, m2)` पाहिलं. शक्यता गुणोत्तर कसोटीचा आकडा ०.५७, स्वातंत्र्याच्या मात्रा ४, p-मूल्य ०.९६७. पाच वेगवेगळ्या भेदक्षमता ठेवून काहीही हाती लागलेलं नाही. पहिल्या प्रश्नाच्या ०.८२५ ची प्रमाण त्रुटीच ०.२६ आहे. हजार उत्तरपत्रिका असूनही असं का? कारण तो चुकवणारे फक्त ७६. भेदक्षमतेची सगळी साक्ष त्या ७६ जणांवर टांगलेली आहे.

म्हणून काल लिहिलेलं 'भेदक्षमतेत दुसरा' हे विधान एवढ्यापुरतंच ठेवायचं: तो इतरांपेक्षा वाईट आहे याला पुरावा नाही. इतरांपेक्षा चांगला आहे यालाही नाही. एकच a पुरतो, आणि एकच a पुरत असेल तर एकूण गुण पुरतात. साध्या बेरजेचं समर्थन इथे आयआरटीच करते आहे. सीटीटीत बेरीज करायचीच असते, ती का चालते हे तपासायची सोय नसते. इथे तपासता आलं.

२७ जून

अल्फा चाचणीचा गुणधर्म की गटाचा?

रॅशचे तेच आकडे ठेवले आणि फक्त गटाची सरासरी हलवली. गट −२ वर नेला, विचलन एकच. प्रश्न तेच पाच. विश्वसनीयता साधारण ०.३५ येते. गट +२ वर नेला तर जेमतेम ०.१७ च्या आसपास. मूळ गटात ०.२९५ होती. प्रश्नातला एक शब्दही न बदलता आकडा निम्मा होतो.

p चंही तसंच. तिसरा प्रश्न मूळ गटात ५५ टक्के लोकांना येतो. गटाची सरासरी एकनं वर असती तर साधारण ७१ टक्के लोकांना आला असता, आणि तोच प्रश्न 'मध्यम' ऐवजी 'सोपा' या रकान्यात गेला असता. b मात्र दोन्हीकडे −०.३२ च राहतो. 'प्रारूप डेटाला बसत असेल तर' ही अट त्यामागे उभी आहे. ती विसरून 'आयआरटीचे आकडे गटावर अवलंबून नसतात' असं कोणी लिहिलं की मला खटकतं. मी वर केलेला हिशेबही प्रारूप खरं धरूनच केला आहे. खऱ्या दोन गटांत b वेगवेगळा येऊ शकतो. उदाहरणार्थ, एखाद्या प्रश्नातला शब्द शहरी मुलांच्या कानावरचा आणि खेड्यातल्या मुलांना अनोळखी असेल, तर समान क्षमतेच्या दोन मुलांना तो प्रश्न समान अवघड राहणार नाही. आपल्या चाचणीत हे तपासायलाच लागेल, कारण आपल्याकडे दोन्ही प्रकारची महाविद्यालयं आहेत.

एक व्यावहारिक निष्कर्ष: दुसऱ्याच्या प्रबंधातला अल्फा आपल्या प्रस्तावात 'चाचणीची विश्वसनीयता' म्हणून उचलायचा नाही. आपल्या गटावर पुन्हा काढायचा.

१ जुलै

आज रचनेकडे वळले. समजा या पाचांतला पहिला प्रश्न काढला आणि त्या जागी a तोच, पण b = १.५ असलेला प्रश्न घातला.

θ = २ ला आधी माहिती ०.१६. पहिल्या प्रश्नाचा तिथला वाटा ०.००८, म्हणजे नसल्यासारखाच. नव्याचा वाटा ०.१४. एकूण ०.२९. एका प्रश्नानं माहिती पावणेदोनपटीहून थोडी जास्तच झाली. θ = −२ ला काय गमावलं? ०.६० वरून ०.५४. एवढी स्वस्त अदलाबदल दुसरी नसेल, आणि ती उत्तरपत्रिका तपासण्याआधी, निव्वळ आकडेमोडीवर दिसते. एकेक प्रश्न वगळून अल्फा पाहत प्रश्न छाटले असते, तर पहिला प्रश्न तिथेही गेला असता, पण त्या जागी कुठल्या काठिण्याचा प्रश्न आणायचा आणि त्यानं कोणत्या लोकांचं मोजमाप सुधारेल, हे समजलं नसतं.

पण या हिशेबाला एक भोक आहे. b = १.५ चा प्रश्न या गटात साधारण २६ टक्के लोकांना यायला हवा. बहुपर्यायी प्रश्नाला पाच पर्याय असतील तर डोळे मिटून टिकमार्क करणाऱ्यालाही २० टक्के वेळा तो येतो. म्हणजे बरोबर आलेल्यांपैकी बरेच जण अंदाजानं आलेले असतील, आणि रॅश प्रारूपात अंदाजाला जागाच नाही. अशा प्रश्नाचा प्रत्यक्ष डेटा आला की खालच्या टोकाला वक्र शून्याकडे न जाता २० टक्क्यांवर अडकतो. ओळखायचं कसं? एकूण गुणांनुसार लोकांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटातलं बरोबर उत्तरांचं प्रमाण प्रारूपाच्या वक्राशेजारी मांडायचं. तळच्या गटाचे बिंदू वक्राच्या वर तरंगताना दिसले की अंदाज चालला आहे. त्यासाठी तिसरं परिमाण घालणारं प्रारूप आहे, पण अंदाजाचं परिमाण तळच्या लोकांच्या उत्तरांवरूनच ठरतं आणि त्याला मोठा नमुना लागतो. आपल्याकडे तो नसेल.

मॅडमशी बोलून ठरलं की अवघड प्रश्नांना पर्याय द्यायचेच नाहीत. उत्तर लिहून घ्यायचं. अंक किंवा एक शब्द. तपासायला वेळ जाईल, पण अंदाजाचा प्रश्न मुळातूनच सुटतो.

४ जुलै

आपल्या चाचणीसाठी ठरलेलं. पहिल्या फेरीत अडीचशेच्या आसपास विद्यार्थी मिळतील. एलसॅटच्या हजार लोकांवर भेदक्षमतेची त्रुटी ०.२६ पर्यंत गेली होती. नमुना पावपट झाला की त्रुटी दुप्पट, म्हणजे अर्ध्याच्या घरात. एवढ्या धुरकट आकड्यावर प्रश्नागणिक वेगळा a ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून पहिल्या फेरीत फक्त रॅश, आणि गुण म्हणजे एकूण बेरीज. विद्यार्थ्याला कळेल असा निकाल, आणि बेरीज का चालते याची तपासणी सोबत.

एका उताऱ्यावर दोन-दोन प्रश्न घालायचा बेत रद्द केला. उतारा समजला तर दोन्ही येतात, नाही समजला तर दोन्ही जातात. क्षमता लक्षात घेतल्यावरही ते एकमेकांना चिकटून राहतात, आणि तेवढ्यानं अल्फा फुगतो. सीटीटीत ते चांगल्या बातमीसारखं दिसतं, म्हणून जास्त घातक.

अहवालात अल्फा द्यायचाच, कारण वाचणारे तो शोधतात. त्याच्या शेजारी माहितीचा आलेख आणि तीन जागांवरची त्रुटी: θ = −१.५, ० आणि १.५. छताला टेकलेल्यांची टक्केवारी वेगळ्या ओळीत. ती दहा टक्क्यांच्या वर गेली तर दुसऱ्या फेरीत वरच्या बाजूचे प्रश्न वाढवायचे.

प्रश्न लिहायला सोमवारपासून सुरुवात. पहिल्या तीस प्रश्नांमध्ये निदान दहा असे हवेत, जे आमच्या अंदाजानं तीसपैकी दहा-बारा विद्यार्थ्यांनाच यावेत. अवघड प्रश्न लिहिणं सोप्यापेक्षा किती वेळखाऊ असतं याची कल्पना आहे, म्हणून तेच आधी घेते आहे.